वर्गफुटातला ‘वर्ग’ आणि चौरस फुटातला ‘चौरस’

“इंदूरच्या आमच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीत १३९.३५ वर्गमीटर लिहिले आहे, दलाल मात्र १५०० वर्गफूट सांगतो. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून मी त्याने गुणले, तर जेमतेम ४५७ आले. ‘वर्ग’ म्हणजे नेमके काय, आणि महाराष्ट्रातले ‘चौरस फूट’ वेगळे असते का?”

दोन्ही माप एकच आहे. इंदुरात हिंदीच्या सहवासाने ‘वर्गफूट’ रुळले, महाराष्ट्रात ‘चौरस फूट’. ‘चौरस’ हा शब्द संस्कृत ‘चतुरस्र’, म्हणजे चार कोनांचा, यावरून आला असून तो आकार सांगतो. ‘वर्ग’ मात्र क्रिया सांगतो, संख्येला तिनेच गुणण्याची. आपण ही क्रिया मीटरच्या ३.२८ या गुणकावर केली नाही, इतकेच चुकले.

घरात एक फुटी फरशी असेल तर कोपऱ्यातून दोन्ही भिंतींलगत एकेक मीटर मोजून खडूने चौरस आखून पाहा. त्यात नऊ फरश्या पूर्ण बसतात, दोन बाजूंना ०.२८ फूट रुंदीच्या तीन-तीन पट्ट्या उरतात (मिळून १.६८) आणि कोपऱ्यात ०.०८ चा तुकडा. बेरीज १०.७६, म्हणजेच ३.२८ गुणिले ३.२८. आता १३९.३५ ला १०.७६४ ने गुणा: १५०० येतात. प्लॉट ३० बाय ५० फुटांचा असेल तर पडताळाही सोपा आहे, कारण ९.१४४ मीटर गुणिले १५.२४ मीटर म्हणजे १३९.३५च.

मी १०.७६४ म्हटले, ते मुद्दाम. ३.२८ चा वर्ग १०.७५८ येतो, आपल्या प्लॉटला त्याने एक चौरस फुटाचाही फरक पडत नाही, परंतु एकरभर जमिनीत सुमारे २२ चौरस फूट कमी भरतात.

एकराच्या बाबतीत मात्र उलटी चूक होते. एकर हे लांबीचे माप नसून क्षेत्रफळाचेच आहे (६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टा, म्हणजे ४३,५६० चौरस फूट), म्हणून ‘चौरस एकर’ हा शब्दप्रयोग निरर्थक आहे आणि एकराचे हेक्टर करताना गुणकाचा वर्ग करायचा नसतो. एका हेक्टरात २.४७ एकर, एवढेच. खसऱ्यावरील हेक्टरचा आकडा वाचताना हे विशेष सांभाळावे.

आणखी एक खाच. ‘दहा चौरस फूट’ खोलीत खाटही मावणार नाही. ‘दहा फूट चौरस’ खोली मात्र शंभर चौरस फुटांची असते. व्यवहारात बोलताना लोक सर्रास पहिले म्हणून दुसरे मनात धरतात, त्यामुळे कागदावर दोन्ही बाजू स्वतंत्र लिहून घेतलेल्या बऱ्या.