एक्स-रेत हाड ‘जुळलं’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. नडगीचं हाड मोडलेल्या पेशंटचा १२ आठवड्यांनंतरचा एक्स-रे आला आहे. सर्जनना मराठीत पत्र लिहून हाडाची प्रगती विचारायची आहे. ‘हाड जुळलं का’ लिहू, ‘सांधलं का’, की ‘भरून आलं का’?

‘जुळलं’ हाच शब्द ठेवा, पण तो एकाच अर्थाने वापरा. या क्रियापदात दोन अर्थ राहतात आणि अडचण तिथेच होते. पत्रिका जुळते, यमक जुळतं, दरवाजाची दोन दारं जुळतात, तेव्हा आपण म्हणतो की एक गोष्ट दुसरीशी नीट बसली. दारं जुळली म्हणून ती एकमेकांना चिकटत नाहीत. हाडाच्या बाबतीत मात्र ‘जुळलं’ म्हणजे एकजीव झालं, असाही अर्थ रूढ आहे. माझ्या मावशीचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातल्यावर लगेच काढलेला एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, “छान जुळलंय.” तुकडे जागेवर बसलेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मावशीने घरी फोन करून सांगितलं, हाड जुळलं, आता प्लास्टर कशाला? दोघंही शुद्ध मराठी बोलत होते.

म्हणून तुकड्यांच्या जागेबद्दल लिहिताना ‘बसणे’ वापरावं. हाड बसवणे हा आपला जुना, नेमका शब्दप्रयोग आहे. तुकडे नीट बसले आहेत, हाड सरळ रेषेत आहे, तुकडा सरकला आहे, अशी वाक्यं लिहिली की ‘जुळणे’ फक्त एकजीव होण्यासाठी मोकळं राहतं. मग ‘वाकडं जुळलं’ म्हटलं तरी कोड्यात पडायला होत नाही: हाड एकजीव झालं, पण ज्या रेषेत व्हायला हवं होतं त्या रेषेत नाही.

‘सांधणे’ मलाही आवडतं, पण तुमच्या पत्रात मी ते टाळेन. तुम्ही दिवसभर सांध्यांबद्दल लिहिता. याच पत्रात घोट्याचा सांधा, गुडघ्याचा सांधा येणारच. त्यांच्या शेजारी ‘सांधलं’ आलं की घाईत वाचणाऱ्याची नजर अडखळते. शिवाय ‘घोटा सांधला’ असं वाक्य चुकून झालं, तर सांध्याची हालचाल कायमची बंद करणारं ऑपरेशन झालं, असा अर्थ निघू शकतो.

‘भरून येणे’ मात्र फेकून देऊ नका, त्याची वेगळी जागा आहे. एक्स-रेत दोन गोष्टी निरनिराळ्या दिसतात. एक म्हणजे मोडल्याची काळी रेघ, म्हणजे फट. दुसरी म्हणजे तिच्या आजूबाजूला ढगासारखं उमटणारं नवं हाड, ज्याला सगळे कॅलसच म्हणतात. (त्याला ‘घट्टा’ म्हणू नये. घट्टा तळहातावर पडतो.) कॅलस बाहेरच्या बाजूने फटीवर पूल बांधतो, तेव्हाही आत रेघ दिसत राहू शकते. त्यामुळे ‘फट भरून आली का’ आणि ‘कॅलसचा पूल तयार झाला का’ हे दोन प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होईलच असं नाही.

पूल मोजतात कसा, हे ठाऊक असलं की प्रश्न आपोआप नेमका होतो. समोरून घेतलेल्या एक्स-रेत हाडाची आतली आणि बाहेरची कड दिसते, बाजूने घेतलेल्यात पुढची आणि मागची. अशा चार कडांपैकी तीन कडांवर पूल झाला की हाड जुळलं असं धरण्याचा संकेत सर्जन मंडळींत बराच रुळलेला आहे. नडगीसाठी ‘रस्ट’ नावाची गुणपद्धतही आहे. कडेवर कॅलस नसेल तर १, कॅलस आहे पण रेघही दिसते तर २, पूल झाला आणि रेघ दिसेनाशी झाली तर ३. चार कडांचे मिळून ४ ते १२ गुण होतात.

आता मराठीची खरी मदत बघा. ‘जुळू लागलं’, ‘जुळत आलं’, ‘जुळलं’ या तीन रूपांत आपण सुरुवात, शेवटाजवळची अवस्था आणि पूर्णता सहज वेगळी करतो. एक-दोन कडांवर पुसट कॅलस असेल तर जुळू लागलं. दोन कडांवर पूल आणि तिसरीवर भरघोस कॅलस असेल तर जुळत आलं. अर्थात ही सांगड माझी, वैद्यकाने ठरवलेली नव्हे. म्हणून क्रियापदाच्या रूपासोबत कडांची संख्याही विचारा.

एक गोष्ट पत्राच्या पहिल्याच वाक्यात हवी: आत काय बसवलं आहे. नळीतून नेल घातली असेल तर मोडलेल्या जागी किंचित हालचाल राहते आणि कॅलस येतो. प्लेटने तुकडे घट्ट दाबून बसवले असतील तर हाड कॅलसशिवाय जुळू शकतं, तिथे रेघ हळूहळू पुसट होणं हीच खूण. अशा पेशंटबद्दल ‘कॅलस दिसत नाही, हाड जुळत नाही का?’ असं विचारलं तर प्रश्नच चुकतो.

‘फॉलोअप एक्स-रे’ एवढंच लिहूनही भागत नाही. कितव्या आठवड्याचा आणि कोणत्या एक्स-रेशी ताडून बघायचा, ते सांगा. तुमच्या पेशंटला नेल आहे आणि सध्या अर्धा भार देण्याची परवानगी आहे असं धरून, मी असं लिहीन:

“सप्रेम नमस्कार. आपल्या पेशंटच्या उजव्या नडगीच्या मधल्या भागातील फ्रॅक्चरसाठी आपण नेल बसवली, त्याला १२ आठवडे झाले. ६व्या आठवड्याच्या एक्स-रेत मागच्या व बाहेरच्या कडेला पुसट कॅलस होता. आताच्या एक्स-रेत तो वाढलेला दिसतो, पण पुढच्या कडेची रेघ स्पष्ट आहे. तुकडे बसवल्या जागीच आहेत असे मला वाटते. फ्रॅक्चरच्या जागी दाबल्यास दुखत नाही, मात्र एका पायावर उभे राहिल्यास तिथेच कळ येते. चारपैकी किती कडांवर कॅलसचा पूल झाला आहे? हाड जुळले आहे की जुळत आले आहे? पूर्ण भार आता द्यावा की पुढच्या एक्स-रेपर्यंत अर्धाच ठेवावा, हे कृपया कळवावे.”

‘दुखते’ न लिहिता ‘तिथेच कळ येते’ लिहिलं आहे, ते मुद्दाम. ‘दुखणे’ गुडघ्याचंही असू शकतं, नेलच्या वरच्या टोकाशी तर ते बऱ्याच जणांना होतं. ‘तिथेच’ या शब्दामुळे सर्जनची नजर पुढच्या कडेच्या त्या रेघेवर जाईल. आणि हाड ‘हलत नाही’ असं मी लिहिलेलं नाही, कारण आत नेल असताना हाताने हलवून ते कळत नाही.