वरचं बीपी १६८, खालचं ७२

प्रश्न: आईचं वय ७१, खालचं बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

खालचा आकडा बघून निवांत राहू नका. हृदयातून निघणारी मोठी धमनी तरुणपणी रबरासारखी ताणते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढे ढकलते, वयाने ती कडक झाली की वरचा आकडा उसळतो आणि खालचा उलट उतरतो. म्हणजे हे ७२ त्याच कडकपणामुळे असू शकतं, आणि १६८ चा मार मेंदूच्या बारीक नसांवर प्रत्येक ठोक्याला बसतोच. १९९१ च्या अमेरिकेतल्या शेप ट्रायलमध्ये अशाच साठीपुढच्या लोकांना क्लोरथॅलिडोनपासून सुरुवात करून औषधं दिली, तर स्ट्रोक एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले.

फक्त डोस हळू वाढवायला हवा. आमची देवगडची मावशी गोळी वाढवल्यावर पहाटे अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाताना गरगरून पडली, बसून १३८ होतं, उभं राहिल्यावर ११२! म्हणून उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पण मोजा, वरचं २० ने उतरलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि पेजेसोबतचा सुका बांगडा, लोणचं जरा आवरा, या वयात मिठाने बीपी पटकन चढतं.