प्रिन्सेस कट आणि मागे खोल गळा: कात्री लावायच्या आधीची प्रश्नोत्तरे

प्रश्न (चिपळूणहून): छाती ३६ बरोबर घेतली, कागदावर मोजलं तरी बरोबर, पण प्रिन्सेस कट शिवून झाला की छातीत दोन इंच घट्ट होतो. कुठे चुकतंय?

दोन इंच हा आकडाच सगळं सांगतोय ताई. तुम्ही पुढच्या भागावर प्रिन्सेसची रेष मारली आणि त्या रेषेवरच कापलं, शिलाईचं मार्जिन सोडलंच नाही. एका रेषेला दोन कडा, दोन्ही बाजूच्या मिळून चार, आणि प्रत्येक कड अर्धा इंच शिलाईत गेली की झाले दोन इंच. टक्सच्या ब्लाउजला हा प्रश्न येत नाही कारण तिथे कापड कापलंच जात नाही, नुसतं दुमडतं, त्यामुळे फोर टक्सवर हात बसलेल्यांचं हे पहिल्यांदा हमखास होतं.

एक माप धरून सांगते, वही घेऊन बसा. छाती ३६, छातीखालचा घेर ३०, उंची १४, शोल्डरपासून टक्स पॉइंट १०, आणि टक्स ते टक्स साडेसात. एकूण १ इंच लूज धरायचा, म्हणजे पुढचा पाव भाग साडेनऊ आणि मागचा ९. खाली कमरेला पुढे ८, मागे साडेसात. आता पुढच्या भागात मध्यापासून टक्स पॉइंटपर्यंत पावणेचार इंच, तो झाला मधला पॅनल, आणि उरलेले पावणेसहा बाजूच्या पॅनलचे. खालच्या कडेला प्रिन्सेसच्या रेषेत १ इंच घालवायचा, अर्धा इकडून अर्धा तिकडून, आणि अर्धा इंच बगलेच्या शिवणीत. मग मधला पॅनल खाली सव्वातीन राहतो, बाजूचा पावणेपाच, बेरीज बरोबर ८ येते. रेषेचं वरचं टोक मुंढ्याच्या मधोमध किंवा किंचित खाली काढायचं आणि तिथेही अर्धा इंच घालवायचा, नाहीतर मुंढ्यापाशी कापड उभं राहतं. तो अर्धा इंच शिवणीत जाणार म्हणून मुंढा आधीच तेवढा मोठा आखायचा, विसरलात तर बाही बसवताना बाहीच मोठी पडेल.

ही सगळी मापं तयार ब्लाउजची. आता कागदाचे दोन तुकडे वेगळे करून कापडावर ठेवा आणि प्रिन्सेसच्या चारही कडांना अर्धा इंच वाढवा. बगलेला मी १ इंच सोडते, पुढे उसवायला लागतंच.

आणि टक्स पॉइंट घेताना एक गोष्ट फार महत्त्वाची, ज्या ब्रावर तो ब्लाउज घालणार तीच घालून माप घ्यायचं. नुसती ब्रा बदलली तरी पॉइंट अर्धा-पाऊण इंच वर-खाली होतो. टक्समध्ये तेवढं खपून जातं, प्रिन्सेसमध्ये नाही, सगळा फुगवटा भलत्याच ठिकाणी जातो.

प्रश्न (मालवणहून): दोन पॅनल जोडताना बाजूचा पॅनल लांब पडतो, चुण्या येतात, आणि शिवून झाल्यावर छातीवर टोक निघाल्यासारखं दिसतं.

बाजूचा पॅनल छातीपाशी बाहेर फुगलेला असतो आणि मधल्याची कड आत वळलेली किंवा जवळजवळ सरळ. दोन उलटे गोल एकत्र शिवायचे म्हटल्यावर ते आपसूक बसणार नाहीत, म्हणून आधी इंचटेप उभी धरून दोन्ही तुकड्यांची शिलाईची रेष मोजा. कापडाची कड नाही, जिथे मशीन चालणार ती रेष मोजायची. बाजूचा पॅनल पाव इंच लांब असेल तर चालतं, किंबहुना तेवढा हवाच, छातीची गोलाई त्यातनंच येते. अर्ध्या इंचाच्या पुढे गेला तर मात्र कागदावर चूक आहे, शिवताना ओढून-ताणून बसवू नका, रेष परत आखा.

दोन्ही तुकड्यांवर टक्स पॉइंटला एक खाच आणि त्याच्या दोन-दोन इंच वर-खाली एकेक खाच द्या. मधल्या पॅनलच्या कडेला, शिलाईच्या रेषेच्या किंचित बाहेर, आधी एक साधी मशीन मारून घ्या आणि मग फक्त त्याच कडेला छातीच्या भागात अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक कात्रे द्या. आता ती कड उघडेल आणि बाजूच्या पॅनलच्या गोलाईवर जाऊन बसेल. खाचेला खाच लावून टाचण्या मारा, मधला पॅनल वर ठेवून शिवा, म्हणजे कात्रे डोळ्यासमोर राहतात आणि जास्तीचं पाव इंच खालच्या बाजूला मशीनचे दातच खेचून घेतात.

टोक निघतं त्याचं कारण वेगळं. रेष टक्स पॉइंटपाशी कोपरा करून वळली असेल तर तिथे टोकच होणार. पॉइंटच्या वर-खाली मिळून साधारण दीड इंच रेष जवळजवळ सरळ जाऊ द्या, मग हळूहळू वळवा. रेष अगदी पॉइंटवरून न नेता पाव इंच बगलेकडे सरकवली तर आणखी छान बसते, फक्त तेवढं पाव इंच मधल्या पॅनलमध्ये वाढवायला विसरू नका. आणि शिवण उघडून इस्त्री करताना पाटावर सपाट दाबू नका, टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर ठेवून करा.

प्रश्न (रत्नागिरीहून): नवरीला मागे १० इंच खोल गळा हवाय. मी केला की खांदा उतरतो, आणि पाठीवर गळ्याची कड उभी राहते. दोरी लावूनसुद्धा.

दोरी शेवटची, आधी कटिंग. साध्या गळ्याला मागचं कापड दोन्ही खांद्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. तुम्ही १० इंच कापून काढलंत की खांदे धरणारं वरती काहीच उरलं नाही, ब्लाउज आता फक्त छातीखालच्या घेरावर आणि पुढच्या भागावर उभा आहे. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे छातीखालचा घेर नेमका हवा. तो ढिला राहिला तर वर काहीही करा, खांदा उतरणारच.

दुसरं, शोल्डर कमी करायचं. तिचं पूर्ण शोल्डर १४ असेल तर निम्म्यात ७ येतं, एवढ्या खोल गळ्याला साडेसहाच धरा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. शोल्डरपाशी गळ्याची रुंदी मध्यापासून ३ इंचांच्या वर जाऊ देऊ नका. मटका गळा असू दे नाहीतर पानाचा, पसरवायचा तो खाली, वरती अरुंदच. आणि मागे १० घेतलात तर पुढचा गळा ६ च्या पुढे नको. नवऱ्या हट्ट करतात दोन्हीकडे खोल पाहिजे म्हणून, पण मी स्पष्ट नाही म्हणते, लग्नात दिवसभर खांदा वर ओढत बसायचं का तिनं?

कड उभी राहते त्याचा इलाज कागदावरच आहे. मागच्या भागाचा गळा आखून झाला की गळ्याच्या कडेवर साधारण मधल्या उंचीला एक चिमटी घ्या, गळ्याकडे पाव ते पाऊण इंचाच्या मधलं जे बसेल ते, आणि ती निमुळती करत मुंढ्याच्या शिलाईच्या रेषेपर्यंत शून्यावर न्या. ती चिमटी घडी घालून चिकटवून टाका आणि गळ्याची, मुंढ्याची रेष परत गोल करून घ्या. अशानं गळ्याची कड तेवढी आखूड होते आणि पाठीला चिकटून बसते. ३६ च्या मापाला मला बहुतेक वेळा अर्धा इंच लागतो, पाठ बाकदार असेल तर थोडी जास्त. अस्तरही त्याच सुधारलेल्या कागदावर कापा. वरचं कापड एका मापाचं नि अस्तर दुसऱ्या मापाचं झालं तर सगळी मेहनत वाया.

तिसरं म्हणजे कापल्यानंतरचं. गळ्याची गोल कड जागोजागी उरेब पडते, त्यामुळे नुसती हातात धरून उचलली तरी ताणते. तुकडा टेबलावरच ठेवा, गळ्याला लगेच कडेपासून थोडं आत एक मशीन मारून घ्या आणि मगच पुढचं काम. पायपिंगची उरेब पट्टी बसवताना पट्टी किंचित ओढत बसवा, कापड मात्र अजिबात ओढू नका.

आता दोरी, शोल्डरपासून दीड-दोन इंच खाली. ती सुंदर दिसते आणि मदतही करते, पण ट्रायल दोरी न बांधता घ्या. नवरीला दोन्ही हात वर करायला सांगा, खाली घ्यायला सांगा. खांदा जागेवर परत आला तर कटिंग बरोबर. आणि गळ्याची खोली तोंडी आकड्यावर ठरवू नका, ब्रा घालून शोल्डरपासून मागच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, गळा त्याच्या निदान अर्धा इंच वर थांबला पाहिजे. १० बसत नसेल तर साडेनऊ करा किंवा कप शिवून द्या.

प्रश्न (देवगडहून): गळा एवढा खाली आला तर मागचा टक्स घालायचा कुठे?

वरच्याच मापात बघा, उंची १४ आणि गळा १०, म्हणजे खाली उरली ४ इंचांची पट्टी. मागे छातीला ९ आणि कमरेला साडेसात, दीड इंच घालवायचाय. नेहमीसारखा १ इंचाचा टक्स घेतलात तर ३ इंच लांबीत तो एकदम उतरतो आणि टोकाशी फुगा येतो. तेव्हा टक्स पाऊण इंचाचा घ्या आणि उरलेला पाऊण बगलेच्या शिवणीत घाला. टक्सचं टोक गळ्याच्या कडेपासून निदान १ इंच दूर राहू दे, गळा खाली पसरट असेल तर टक्स थोडा बगलेकडे सरकवा. शेवटचे तीन-चार टाके अगदी घडीच्या कडेवर उतरवायचे, उलटी मशीन मारायची नाही, धागे लांब सोडून हातानं गाठ मारायची. टोकाशी भोवरा पडतो तो या उलट्या मशीनमुळेच.

प्रश्न (अलिबागहून): प्रिन्सेस कट सगळ्या कापडांना शोभतो का? की काहींना टक्सच बरे?

नाही शोभत सगळ्यांना. चेक्स, मोठी बुट्टी, पुढच्या भागावर आडवा काठ घ्यायचा असेल तर प्रिन्सेसची रेष डिझाइन मधोमध तोडते. तिथे टक्स घ्या, फक्त टोक पॉइंटच्या पाऊण इंच अलीकडे थांबवा, सगळ्या टक्सांची टोकं एकाच टिंबावर आणलीत की छाती टोकदार दिसते. साधं सिल्क, रॉ सिल्क, टू बाय टू रुबिया यांना प्रिन्सेस झकास. छाती भरलेली असेल तर मी प्रिन्सेसच सुचवते, कारण फुगवटा एका लांब शिवणीत वाटला जातो, एका मोठ्या टक्सवर भार येत नाही.

प्रश्न (गुहागरहून): खोल गळ्याला हूक पुढे की मागे? आणि अस्तर कुठलं?

४ इंचांच्या पट्टीत मागे जेमतेम तीनच हूक बसतात आणि सगळा ताण त्यांच्यावर येतो, म्हणून हूक पुढेच. मागचा भाग घडीवर अखंड कापा. हूक पितळी घ्या, आपल्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी हुकांचा गंज कापडाला लागतो आणि तो डाग जात नाही. अस्तर सुतीच, घामाला तेच बरं, पण कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. गणपतीच्या घाईत हे भिजवणंच राहतं, मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि तुमचा बरोबर बसलेला गळा आतल्या बाजूनं ओढला जातो. पावसात अस्तर वाळायला दोन दिवससुद्धा लागतात, तेवढे हिशोबात धरूनच गिऱ्हाइकाला तारीख द्या.