काय, बोलतो आणि एक टिंब

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला आणि त्याखालचा प्रश्नही. प्रमाण भाषेत लिहिलं तर सरकारी नोटीस वाटते, बोलतो तसं लिहिलं तर अडाणी वाटेन, मग लिहू कसं, असं विचारतोयस. पण तुझ्या मसुद्यात सूर जेवढा बिघडलाय त्यापेक्षा अर्थ जास्त बिघडलाय, आणि तो आधी निस्तरायला हवा. मसुदा इथे उतरवून घेतो, म्हणजे दोघांच्याही डोळ्यांसमोर राहील.

"सर, मी काल मॅडमना बोललो की रिपोर्ट उद्या देतो. त्या मला बोलल्या की चालेल. पण तुम्ही काय पाठवलं नाहीत. माझ काम पूर्ण केले आहे, पाठवतोय. अजून काही पायजे काय?"

"बोललो"पासून सुरू करू. बोलणं, म्हणणं आणि सांगणं यांची कामं मराठीत वाटून दिलेली आहेत. मराठी बोलतो, खोटं बोलतो, फोनवर बोलतो, कुणाशी तरी बोलतो. यात तोंड चाललंय एवढंच कळतं, नेमकं काय निघालं ते कळत नाही. नेमके शब्द द्यायचे असतील तर म्हणणं लागतं: "चालेल" म्हणाल्या. निरोप पोचवायचा असेल तर सांगणं लागतं: मी त्यांना सांगितलं. आणि खरी मेख पुढे आहे. "बोलणं" या क्रियापदाला "ला" किंवा "ना" लावलेलं माणूस जोडलं की त्याचा अर्थ रागावणं होतो. "आई मला बोलली" म्हणजे आई रागावली. "त्याला उगाच बोलू नकोस" म्हणजे त्याला दोष देऊ नकोस. बोलणी खाल्ली, बोलणी बसली, हे सगळं त्याच घरातलं. आता तुझी पहिली दोन वाक्यं पुन्हा वाच. काल तू मॅडमना सुनावलंस आणि मग त्यांनी तुला सुनावलं, असा निरोप तू तुझ्या सरांना पाठवायला निघाला होतास.

मुंबई आणि आसपासच्या बोलण्यात "तो मला बोलला की येतो" हे रोजचं आहे, आणि तिथे कुणाचा गैरसमज होत नाही. तुझ्या तिथल्या मित्राला तसंच लिही; "म्हणाला" लिहिलंस तर तोच विचारेल की बरं आहे ना. पण तुझे सर कुठले आणि त्यांच्या कानाला काय सवय आहे हे तुला माहीत नसेल, तर ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो शब्द टाळायचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. माणसाला "शी" लागत असेल तर बोललो. "ला" किंवा "ना" लागत असेल तर सांगितलं. शब्द जसेच्या तसे येत असतील तर म्हणालो. तिन्ही क्रियापदं बोलीतही चालतात आणि प्रमाण लेखनातही, म्हणजे इथे तुझ्या "प्रमाण की बोली" या प्रश्नाचा संबंधच येत नाही.

त्याच वाक्यातला "उद्या"ही पाहा. मराठीत "की" नंतर सहसा माणसाचे मूळ शब्द जसेच्या तसे येतात. काल म्हटलेला "उद्या" म्हणजे आज. पण निरोप आज वाचणाऱ्याला तो सहज उद्याचा दिवस वाटेल. वार किंवा तारीख घाल, नाहीतर सरळ "आज" लिही.

आता "काय". समोरासमोर आपण "काही"च्या जागी सर्रास "काय" म्हणतो: काय नाही, काय हरकत नाही. आवाज खाली उतरतो, त्यामुळे प्रश्न नाही हे कळतं. निरोपात आवाज नसतो. "तुम्ही काय पाठवलं नाहीत" हे कागदावर "कोणती गोष्ट पाठवायची राहिली?" असं वाचलं जातं, आणि प्रश्नचिन्ह नसल्यामुळे वाचणारा ते दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा वाचताना त्याला त्यात जाबही ऐकू येतो. "काय हरकत आहे?" बरोबर, "काही हरकत नाही" बरोबर, "काय हरकत नाही" फक्त तोंडात बरोबर. नकार असेल तिथे "काही", प्रश्न असेल तिथे "काय". घरच्या गटात "काय नाय रे" खुशाल लिही, तिथे तुझा आवाज सगळ्यांच्या कानात आधीच आहे.

वाक्याच्या शेवटचा "काय" जरा गमतीचा आहे. कोल्हापूरकडे "येतोस काय?" हा साधा, प्रेमाचा प्रश्न. पुण्याच्या कानाला तोच थोडा दरडावणारा लागू शकतो, कारण तिथे "येतोस का?" म्हणतात. आणि विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत "हे खरे आहे काय" असंच छापलेलं असतं. एकच शब्द एका टोकाला गावचा आणि दुसऱ्या टोकाला सरकारी! त्यामुळे "काय" अशुद्ध आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. सरांना मात्र "का" लिही, तो कुठल्याच कानाला टोचत नाही.

आणि आता "पायजे". इथे मी हट्टी आहे, आणि हट्टी राहणार: बोलीत लिही, पण उच्चार लिहू नकोस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "झालं", "करतोय", "असं" ही बोलीतली रूपं आहेत, त्यांना स्वतःचं ठरलेलं लेखन आहे. "पायजे", "नै", "बोल्तो" हे उच्चार आहेत. "बोलतो" मराठी माणूस "बोल्तो" असाच वाचतो. मधल्या ल मधला अ आपण खातो, आणि तो खायचा हे वाचणाऱ्याच्या जिभेला माहीत असतं. तू "बोल्तो" लिहिलंस तर त्याला नवीन काहीच कळत नाही, उलट डोळा जोडाक्षरावर अडखळतो. "पाहिजे"चंही तसंच. तो स्वतःच्या गावाप्रमाणे पाहिजे, पायजे, पाह्यजे हवं ते वाचेल. तू त्याच्या तोंडात तुझा उच्चार कोंबू नकोस. कथेतल्या पात्राच्या तोंडी उच्चार लिहायला हरकत नाही, कारण तिथे ते पात्र कुठलं हेच दाखवायचं असतं. कामाच्या निरोपात तू पात्र नाहीस. यावर लोक मला म्हणतात की तुम्ही बोलीच्या विरोधात आहात. हे पत्र कुठल्या भाषेत चाललंय ते बघितलं तरी उत्तर मिळेल.

राहिलं "माझ काम पूर्ण केले आहे". एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही त्या एका टिंबाच्या. पूर्वी "केलें" असं लिहीत. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि प्रमाण लेखनात "केले" राहिलं. बोलण्यात मात्र त्याचं "केलं" झालेलं आहे, आणि संवादात तसं लिहायला त्याच नियमांनी मोकळीक ठेवली. या टिंबाचा उच्चार नाकात होत नाही. शेवटचा अ लांबवायचा, एवढंच ते सांगतं. म्हणून ते गाळता येत नाही. "माझ", "केल", "झाल" हे बोलीतही नाही आणि प्रमाणातही नाही. तो नुसता अर्धवट राहिलेला शब्द आहे. मोबाइलवर घाईत टिंब राहून जातं आणि तिथेच लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा दिसतो. "केलंय", "झालंय" यांतही ते ल वर हवं, "केलय" नव्हे.

एक उलटी चूक सांगून ठेवतो, कारण टिंबाची सवय लागली की ती हमखास होते. सगळ्याच "ले"चं "लं" होत नाही. नपुंसकलिंगी एकवचन असेल तरच होतं: काम केले, काम केलं. "दोन फोन केले" हे पुल्लिंगी अनेकवचन. ते बोलीतही "केले"च. "दोन फोन केलं" कुणीच म्हणत नाही. शंका आली तर "ते" आणि "तो" लावून बघ. ते काम, म्हणून केलं. तो फोन, अनेक झाले की ते फोन, म्हणून केले. "मी म्हणाले" असं एखादी मुलगी लिहिते तेही तसंच राहतं.

आता तुझी मूळ शंका. तू "पाठवलं", "पाठवतोय" लिहिलंस आणि मध्येच "केले आहे" आणलंस, म्हणून ते वाक्य सरकारी वाटलं. प्रमाण रूप एकटं सरकारी नसतं. बोलीच्या मध्ये एकटं पडलं की तसं वाटतं. सूर कोणताही घे, पण पहिल्या वाक्यात घेतलेला शेवटच्या वाक्यापर्यंत ठेव. बोलीतला निरोप असा होईल:

"सर, रिपोर्ट आज देतो असं मी काल मॅडमना सांगितलं होतं. त्या चालेल म्हणाल्या. तुमच्याकडून मात्र अजून काही आलेलं नाही. माझं काम पूर्ण झालंय, संध्याकाळपर्यंत पाठवतो. अजून काही पाहिजे का?"

आणि हाच प्रमाण लेखनात:

"सर, रिपोर्ट आज देतो असे मी काल मॅडमना सांगितले होते. त्या चालेल म्हणाल्या. तुमच्याकडून मात्र अजून काही आलेले नाही. माझे काम पूर्ण झाले आहे, संध्याकाळपर्यंत पाठवतो. अजून काही पाहिजे का?"

दोन्ही शेजारी ठेवून मोज. असं, सांगितलं, आलेलं, माझं, झालंय: फरक पाचच जागी आहे. ज्या खाईच्या काठावर तू एवढा वेळ बसला होतास ती एवढीच रुंद आहे. बाकी सगळे शब्द दोन्हीकडे तेच, आणि चुका जिथे होत्या ते "सांगणं", "म्हणाल्या", "काही", "पाहिजे", "का" कोणताही सूर घेतलास तरी लागणारच होते. (आणि हो, "उच्चार लिहू नकोस" हे तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.)

तुझे सर स्वतः "पाठवलंत का" असं लिहीत असतील तर पहिला पाठव. ते "पाठवले का" लिहीत असतील, किंवा हा निरोप पुढे कुणाकडे जाऊन नोंदीत राहणार असेल, तर दुसरा. त्यांचे जुने चार निरोप उघडून बघितलेस की कळेल. मला परत दाखवत बसू नकोस. निरोपात संध्याकाळपर्यंत लिहिलंय, रिपोर्टला लाग.