१ जुलैला गेलात, तर २९ ऑगस्टपर्यंत

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो, मुलगी-जावई म्युनिकला असतात. आम्हा दोघांकडे जर्मनीचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे, ५ जानेवारी २०२६ ते ४ जानेवारी २०२८ असा. त्यावर मुक्काम ९० दिवस लिहिलाय. आम्ही दोघं १० जानेवारीला तिथे पोचलो आणि १८ फेब्रुवारीला निघालो. नंतर मी एकटीच २० एप्रिल ते १९ मे राहून आले. त्यातले तीन दिवस मी झुरिकला होते. आता मुलीची डिलिव्हरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मला १ जुलैला जाऊन सप्टेंबरअखेर राहायचंय. ह्यांचं म्हणणं, जानेवारीपासूनचे सहा महिने जुलैत संपतात, मग नवे ९० दिवस मिळतील. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, ७० वापरलेत, फक्त २० उरले. खरं कोणाचं?

उत्तर:

ताई, दोघांचंही हिशेबात चुकलंय. १ जुलैला तुमच्या पासपोर्टची नोंद झाली, तर तुम्हाला २९ ऑगस्टपर्यंत राहता येईल, म्हणजे ६० दिवस. ३० ऑगस्टचा दिवस जादा ठरेल. सप्टेंबरअखेरचं तिकीट मात्र काढू नका.

हा आकडा कुठून येतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमा संहितेचं सहावं कलम सांगतं, की कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको, आणि हे मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघून ठरवायचं. सगळी गोम या 'प्रत्येक दिवशी'मध्ये आहे. सहा महिन्यांचा कप्पा एकदा उघडला आणि एकदा बंद झाला, असं इथे होत नाही. तुम्ही एक दिवस पुढे सरकलात, की १८० दिवसांची पट्टीही एक दिवस पुढे सरकते. तिच्या पुढच्या टोकाला आजचा दिवस येतो आणि मागच्या टोकाचा एक जुना दिवस बाहेर पडतो.

तुमचे यजमान सांगतात तो नियम त्यांनी मनाने रचलेला नाही. पूर्वी पहिल्या प्रवेशापासून सहा महिने मोजत असत. १८ ऑक्टोबर २०१३ पासून ते बदललं, पण आधी जाऊन आलेल्या नातेवाइकांकडून ऐकलेली माहिती अजून तशीच फिरते आहे.

एजंटाची चूक निराळी आहे. १ जुलैला उभं राहून मागे बघितलं तर पट्टी ३ जानेवारीपासून सुरू होते, आणि तुमच्या दोन्ही फेऱ्या तिच्यात येतात. जानेवारी-फेब्रुवारीचे ४० आणि एप्रिल-मेचे ३० मिळून ७० दिवस झाले. इथवर त्याचं बरोबर आहे. मग त्यानं ९० मधून ७० वजा केले आणि पट्टी तिथेच खिळवून ठेवली. ती तिथे थांबत नाही.

८ जुलैपर्यंत तुमचे दिवस ७८ होतील. ९ जुलैला पट्टीची सुरुवात ११ जानेवारीवर येते, म्हणजे १० जानेवारी बाहेर गेला. त्या दिवशी एक दिवस वाढला आणि एक गळला, बेरीज ७८ च राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या फेरीचे चाळीसही दिवस असे एकेक करून गळत जातात, आणि १७ ऑगस्टपर्यंत तुमचा आकडा ७८ वरच थांबून राहतो. एजंटाच्या हिशेबात नसलेले चाळीस दिवस ते हेच. १८ ऑगस्टपासून गळायला काही उरत नाही, कारण दुसरी फेरी थेट २० एप्रिलपासूनची आहे. मग आकडा रोज एकानं चढतो आणि २९ ऑगस्टला ९० होतो.

एवढं पायरीपायरीनं मांडायची दर वेळी गरज नाही. सलग मुक्कामात बेरीज रोज एकानं वाढते आणि जास्तीत जास्त एकानंच घटते, म्हणजे ती मध्येच फुगून परत कमी होऊ शकत नाही. म्हणून एका मुक्कामासाठी फक्त शेवटचा दिवस तपासला तरी पुरतं. कॅलेंडर घ्या, निघण्याच्या तारखेवर बोट ठेवा आणि तो दिवस धरून मागे १८० दिवस मोजा. २९ ऑगस्टपासून मागे मोजलं की ३ मार्च येतो. ३ मार्च ते २९ ऑगस्ट यात तुमची पहिली फेरी बसतच नाही. एप्रिल-मेचे ३० आणि आताचे ६० मिळून ९०. हाच हिशेब युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावरच्या शॉर्ट-स्टे कॅल्क्युलेटरमध्ये करून बघा. जुन्या फेऱ्यांच्या तारखा अचूक टाकल्यात तर तिथेही हेच दिसेल. पण कॅल्क्युलेटरचं उत्तर हा परवाना नव्हे. सीमेवरचा अधिकारी नोंदी बघून ठरवतो.

आता तारखा अचूक म्हणजे काय, ते सांगतो, कारण घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरायचे, मग तुम्ही रात्री अकराला उतरलेल्या असा की पहाटे निघालेल्या. आणि दिवस विमानाच्या तिकिटावरचा नव्हे, पासपोर्ट तपासणीचा. मुंबईहून ३० जूनच्या रात्री उडालात आणि १ जुलैच्या सकाळी फ्रँकफर्टला इमिग्रेशन झालं, तर तुमचा पहिला दिवस १ जुलै. पुढे म्युनिकला दुसऱ्या विमानानं गेलात तरी मोजणी फ्रँकफर्टलाच सुरू झालेली असते. येताना म्युनिकहून दुबईमार्गे आलात, तर बाहेर पडल्याची नोंद म्युनिकला होते. तुमच्या आधीच्या दोन्ही फेऱ्यांच्या तारखा तुम्ही पोचल्या-निघाल्याच्या दिल्या आहेत, तरी पासपोर्टवरचे शिक्के एकदा बघून घ्या. शिक्का नसेल तर बोर्डिंग पास शोधा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात एंट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. तिच्यात येण्या-जाण्याची नोंद बोटांच्या ठशांसकट आणि फोटोसकट संगणकावर राहते आणि जादा राहिलेला माणूस ती आपोआप दाखवते. 'शिक्का पुसट आहे, कोण बघतंय' या भरवशावर राहू नका.

झुरिकचे तीन दिवस वजा होत नाहीत. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, आणि दिवस शेंगेनचे मोजतात. नॉर्वे, आइसलँडचंही तसंच. उलट लंडन किंवा डब्लिनला गेला असतात, तर मधले दिवस सुटले असते. तरी जाण्याचा आणि परतण्याचा दिवस मात्र मोजणीत आलाच असता.

व्हिसा दोन वर्षांचा आहे म्हणून जास्त राहता येईल, असंही समजू नका. ४ जानेवारी २०२८ ही तारीख कधीपर्यंत ये-जा करता येईल ते सांगते, ९० चा आकडा किती राहता येईल ते सांगतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

आता तुमची खरी अडचण. बाळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येणार, आणि तुम्हाला लेकीजवळ तीन महिने हवेत. थोडं थांबून गेलात तर जास्त दिवस मिळतात, पण मग बाळंतपण हुकतं. १९ मेला निघाल्यापासून सलग ९० दिवस बाहेर राहिलात, तर १७ ऑगस्टला ते पूर्ण होतात आणि १८ ऑगस्टला प्रवेश केल्यास १५ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण ९० दिवस राहता येतं. एकच दिवस आधी, १७ ऑगस्टला, गेलात तर मात्र १५ ऑक्टोबरलाच निघावं लागतं, कारण १६ ऑक्टोबरला बेरीज ९१ होते. इतका फरक एका तारखेनं पडतो. पण बाळंतपण जुलैत आहे, तेव्हा या वाटेचा तुम्हाला उपयोग नाही.

उपयोग आहे तो तुमच्या यजमानांचा. मोजणी माणसागणिक वेगळी असते, जोडप्याची एकत्र नसते. ते फक्त पहिल्या फेरीला आले होते आणि १८ फेब्रुवारीनंतर शेंगेनमध्ये गेलेले नाहीत. त्यांना पूर्ण ९० दिवस मिळतात. १ जुलैला तुमच्याबरोबर गेले, तर २८ सप्टेंबरपर्यंत राहू शकतील. मला विचाराल तर त्यांनी ऑगस्टच्या मध्यावर जावं. तुम्ही निघाल्यावर मुलीचं घर रिकामं राहणार नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांच्याकडून भरून निघेल. तुम्ही २९ ऑगस्टला परत आलात, तर तुमचा पुढचा दिवस १७ ऑक्टोबरला मोकळा होतो. त्या दिवशी २० एप्रिल पट्टीतून गळतो आणि तिथून रोज एकेक दिवस मिळत जातो, १५ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सलग ३० दिवस.

तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. २५ किंवा २६ ऑगस्टचं काढा. विमान रद्द झालं, संप झाला, तर हातात दोन-तीन दिवस हवेत.

मुदत वाढवता येते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येणारच. व्हिसा संहितेचं तेहतिसावं कलम दोन तऱ्हांनी मुदतवाढ देतं. माणूस आपल्या हाताबाहेरच्या कारणानं किंवा माणुसकीच्या कारणानं निघूच शकत नसेल, तर ती मोफत मिळते. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो भरून. ती द्यायची की नाही, हे तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या हातात आहे. आईनं आणखी महिनाभर थांबावं, ही इच्छा त्याला पुरत नाही. मुलीला किंवा बाळाला प्रसूतीनंतर खरोखर गंभीर त्रास झाला, आणि रुग्णालयाचे कागद तसं सांगत असतील, तर अर्ज करायला जागा आहे. पण अर्ज २९ ऑगस्टच्या आत त्या कार्यालयात पोचला पाहिजे. मुदत उलटून गेल्यावर कागद घेऊन गेलात तर तुम्ही आधीच बेकायदा राहिलेल्या ठरता, आणि जर्मनीत तो शिक्षापात्र गुन्हा आहे. दंड, पुढे काही काळ प्रवेशबंदी, आणि आज हातात असलेला २०२८ पर्यंतचा व्हिसा रद्द होणं, हे सगळं त्यातून येऊ शकतं.

आधीच्या दोन्ही फेऱ्यांच्या पासपोर्ट पानांची झेरॉक्स, बोर्डिंग पास, परतीचं तिकीट आणि या खेपेपुरता प्रवास विमा हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. फ्रँकफर्टला अधिकाऱ्यानं विचारलं, 'आधी ७० दिवस राहिलात, आता किती?' तर २५ ऑगस्टचं तिकीट दाखवा आणि जानेवारीची फेरी पट्टीतून बाहेर पडत जाते हे तारखांसकट सांगा. मुलीकडून हीच मांडणी एका कागदावर जर्मनमध्ये लिहून घ्या आणि तो पासपोर्टमध्येच ठेवा.