रेपो उतरला, गृहकर्जाचा दर तिथेच

प्रश्न: माझ्या गृहकर्जाच्या करारात ‘रेपो अधिक २.५० टक्के, दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला फेरबदल’ असे आहे. १ एप्रिल २०२५ला बाकी २० लाख होती, हप्ता २०,००० आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत ९ टक्केच व्याज लावले. शाखेत म्हणतात, “सिस्टीम आपोआप करते.” पत्र कसे लिहू?

उत्तर: पत्रात रागापेक्षा आकडे बोलू द्या. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ७ फेब्रुवारी २०२५ला ६.२५ आणि ६ जूनला ५.५० टक्के झाला. म्हणजे तुमच्या करारानुसार १ एप्रिलपासून ८.७५ आणि १ जुलैपासून ८ टक्के दर लागायला हवा होता. हप्ता बदलला नाही, म्हणून चूक हप्त्यात दिसत नाही. ती मुद्दल कमी न फिटण्यात लपते.

हिशोब महिनावार तक्त्यात असा मांडा. एप्रिलच्या २० लाखांवर बँकेने १५,००० व्याज धरले, ८.७५ने ते १४,५८३ होते. हप्ता वजा केल्यावर तुमची बाकी १९,९४,५८३ उरते, बँकेची १९,९५,०००. मेचे व्याज तुमच्या बाकीवर काढा, बँकेच्या नव्हे. इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. असे सप्टेंबरअखेर बँकेची बाकी १९,६९,४३२ आणि तुमची १९,६३,१६८ येते. फरक ६,२६४ रुपये. बँक रोजच्या बाकीवर ३६५ दिवसांनी व्याज काढत असेल तर काही रुपये इकडेतिकडे होतील. तसे तक्त्याखाली लिहून ठेवा, नाहीतर त्याच किरकोळ फरकावर बोट ठेवून सगळा तक्ता बाजूला सारतील.

पत्राचा गाभा:

“मा. शाखा व्यवस्थापक, कर्ज खाते क्र. … करारातील कलम … नुसार १ एप्रिल व १ जुलै २०२५ रोजी व्याजदर कमी करणे आवश्यक होते, तो केलेला नाही. सोबतच्या तक्त्यानुसार जादा आकारलेले ६,२६४ रुपये त्या-त्या महिन्याच्या तारखेपासून परिणाम देऊन मुद्दलात जमा करावेत, यापुढे योग्य दर लावावा आणि खात्याच्या व्याजदर बदलांचा तपशील लेखी द्यावा.”

‘त्या-त्या महिन्याच्या तारखेपासून’ हे शब्द गाळू नका. आज एकरकमी जमा दिली, तर मधल्या काळातले व्याज बुडते.

बँक कदाचित म्हणेल की रेपोवरचे २.५० वाढवले. मग कारण विचारा. त्यातला पतजोखमीचा भाग तुमच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो, बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतात. आधी मंजुरीपत्र मात्र तपासा: कर्ज रेपोऐवजी एमसीएलआरशी, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर ठरणाऱ्या दराशी जोडलेले निघाले तर हा हिशोब लागू नाही.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर तीच प्रत जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा.