मृत मालकाची स्कूटर वारसाच्या नावावर करताना

‘कोपरखैरणेत राहते. यजमान जाऊन पन्नास दिवस झाले. स्कूटर त्यांच्याच नावावर आहे. एजंट म्हणतो, ट्रान्सफर फॉर्मवर साहेबांची सही तुम्हीच करा, मागची तारीख टाकू. घरी मी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि सासूबाई. गाडी मुलाच्या नावावर करायची आहे. काय कागद लागतील?’

ताई, ती सही कृपया करू नका. मृत व्यक्तीच्या नावाने सही करणे हा बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे आणि मागची तारीख टाकली तरी तो पुढे उघड होऊ शकतो. एजंटाने सुचवलेले फॉर्म 29 आणि 30 विक्रीसाठी असतात. मालकाच्या मृत्यूनंतर केंद्रीय मोटार वाहन नियम 56 प्रमाणे फॉर्म 31 भरावा लागतो.

या नियमानुसार मृत्यूची माहिती आरटीओला 30 दिवसांत कळवायची असते आणि फॉर्म 31 चा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. पहिली मुदत हुकली असली तरी दुसरी अजून हातात आहे. उशिराबद्दल दंड आकारला गेल्यास तो भरावा, पण त्या भीतीने अर्ज लांबवू नये. अर्जासोबत महापालिकेचा मृत्यूचा दाखला (रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालत नाही), मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि मुलाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा. दाखला आणि आरसी शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून पाहावे, आरसीवर ‘आर. पी.’ आणि दाखल्यावर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

खरी अडचण बहुधा संमतीची येते. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि यजमानांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघे समान वारस ठरतात. विवाहामुळे मुलीचा हक्क जात नाही आणि सासूबाईंना तर लोक हमखास विसरतात. म्हणून आपण, मुलगी आणि सासूबाई अशा तिघींनी, गाडी मुलाच्या नावावर करण्यास हरकत नाही, असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र द्यावे. सासूबाई सही करू शकत नसतील, तर नोटरीला घरी बोलावून त्यांना मजकूर वाचून दाखवावा आणि अंगठा घ्यावा.

वारसांत वाद असेल, तर मात्र दिवाणी न्यायालयातून 1827 च्या मुंबई विनियमाखालील वारस प्रमाणपत्र घ्यावे लागेल. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतील रक्कम, कर्जरोखे, शेअर यांसारख्या येण्यांसाठी असते, त्यामुळे गाडीकरता त्यासाठी धावाधाव करू नये.

विम्याचेही लगेच पाहावे. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. कंपनीला मृत्यूचा दाखला देऊन ती मुलाच्या नावावर करून घ्यावी. स्कूटरवर कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ती नोंद काढण्याचा फॉर्म 35 घेऊन मगच नवी मुंबईच्या आरटीओत जावे.